दाता मुळाशीच का मोडतो

देवगड बंदरात ट्रॉलर लागला की विंचचा गिअर उघडून बसलेला मेकॅनिक हमखास दिसतो. मोडलेला दाता जवळजवळ नेहमी मुळातूनच गेलेला असतो. ते का, याची कुळकथा गॅलिलिओपर्यंत जाते.

1638 च्या ग्रंथात त्याने एक टोक भिंतीत रोवलेली आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगलेली तुळई तपासली. आपल्या घराचा छज्जा तसाच. वाकवणारा जोर भिंतीशी सर्वाधिक असतो. म्हणून रुंदी तीच ठेवून सगळीकडे सारखी मजबुती हवी असेल, तर तुळईची उंची भिंतीपासून टोकाकडे पॅराबोलाच्या वळणाने कमी करत न्यावी, हे त्याने दाखवले. भिंतीशी तुळईत येणारा ताण मोजण्यात तो चुकला, पण आकाराचा हा निष्कर्ष टिकला.

गिअरचा दाता म्हणजे मुळाशी रोवलेली तशीच तुळई. गिअरवाल्यांनी मात्र तो निष्कर्ष बराच काळ वापरला नाही. 1879 मध्ये जॉन कूपरने दात्यांच्या मजबुतीचे प्रचलित नियम गोळा केले, ते 48 निघाले आणि टोकाच्या उदाहरणांत त्यांच्यात 500 टक्के फरक होता. 15 ऑक्टोबर 1892 रोजी विल्फ्रेड लुईसने फिलाडेल्फियाच्या इंजिनिअर्स क्लबमध्ये यावर तोड मांडली. दात्याच्या शेंड्यावर पडणाऱ्या जोराची रेषा मध्यरेषेला जिथे छेदते, तिथे पॅराबोलाचे शिखर ठेवायचे आणि तो दात्यात बसवायचा. मुळाच्या गोलाईला तो जिथे टेकतो, तोच सर्वात कमजोर छेद. त्यातून सूत्र निघाले:

σ = W / (b·m·Y)

W म्हणजे दात्यावरचा स्पर्शरेषीय जोर, b रुंदी, m मॉड्यूल आणि Y दात्याच्या आकाराचा गुणांक. समजा, विंचच्या गिअरवर 6000 न्यूटन जोर येतो, रुंदी 50 मिमी, मॉड्यूल 5 आणि दाबकोन 20 अंश. 20 दात्यांच्या पिनियनचा Y 0.322, म्हणून ताण सुमारे 74.5 मेगापास्कल. त्याच मॉड्यूलचे आणि रुंदीचे 12 दात्यांचे पिनियन घातले तर Y 0.245 होतो आणि ताण 98 वर जातो. पोलाद तेच, जोर तोच. दाते कमी झाले की मूळ बारीक होते, एवढाच फरक.

लुईसने गोलाईच्या कोपऱ्यात साठणारा जादा ताण धरला नव्हता. दाता जाडीच्या मानाने आखूड असल्याने लांब तुळईचा हिशेबही त्याला नेमका लागू पडत नाही. 1942 मध्ये डोलन आणि ब्रॉघॅमर यांनी पारदर्शक नमुन्यांतून ध्रुवित प्रकाश सोडून तो साठलेला ताण मोजला. गोलाई जितकी तीक्ष्ण, तितका तो जास्त.

म्हणून मोडलेला दाता फेकू नका. भार घेणाऱ्या बाजूच्या मुळाशी गुळगुळीत, लाटांच्या खुणा असलेला भाग आणि पुढे खरखरीत भाग दिसला, तर तडा बऱ्याच दिवसांपासून वाढत होता. सगळाच भाग खरखरीत असेल तर जोराचा एकच झटका बसला. फक्त एक कोपरा तुटला असेल तर नवा गिअर बसवण्याआधी शाफ्टची सरळ रेषा तपासा.