संघीय सरासरी आणि मूळ माहितीची गुप्तता

इ.स. २०१६ मध्ये गूगलमधील ब्रेंडन मॅकमॅहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फेडरेटेड ॲव्हरेजिंग’ ही पद्धत मांडली. तीत सर्व्हर सामायिक प्रारूप निवडक फोनांकडे पाठवितो. प्रत्येक फोन स्वतःजवळील माहितीवर त्याचे प्रशिक्षण करून केवळ बदललेले आकडे परत पाठवितो. सर्व्हर त्यांची भारित सरासरी काढतो. उदाहरणार्थ, १०० नमुने असलेल्या फोनने एखादा आकडा २ आणि ३०० नमुने असलेल्या फोनने ६ कळविल्यास नवा आकडा ४ नव्हे, तर ५ येतो. तथापि, थोड्या नमुन्यांवरून काढलेल्या अशा बदलांतून मूळ मजकूर पुन्हा उलगडता येतो, हे २०१९ मधील संशोधनाने दाखविले. म्हणूनच, सर्व्हरला एकेका फोनचे आकडे न दिसता त्यांची केवळ बेरीज दिसावी, यासाठी २०१७ मध्ये मांडलेली सांकेतिक पद्धत या सरासरीस पूरक ठरते.