तळटीप : सहगमन

१. सहगमन : आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा बेट घेतल्यावर तिथे सतीबंदी केली; पण ती आजच्या सगळ्या गोव्याला लागू नव्हती, कारण डिचोली-पेडणे पोर्तुगीजांकडे आले ते थेट १७८० च्या दशकात. शास्त्रार्थ मात्र पेटला बंगालात. सनातन्यांनी अंगिरसाचे वचन पुढे केले : पतीबरोबर जळणारीला स्वर्ग. राममोहन रॉय यांनी १८१८ पासून मनू काढला : विधवेने आमरण व्रतस्थ राहावे, आणि मनूविरुद्धची स्मृती ग्राह्य नव्हे. शिवाय स्वर्गाच्या आशेने केलेले कर्म काम्य, गीतेच्या लेखी कनिष्ठच. त्यांचा खरा घाव विधीवर बसला. शास्त्रानुसार स्त्रीने स्वखुशीने पेटत्या चितेवर चढायचे. प्रत्यक्षात बंगालात तिला आधी प्रेताशी बांधत, वरून बांबूंनी दाबत आणि मग अग्नी देत. म्हणजे प्रतिपक्षाने स्वतःचेच वचन पाळले नव्हते! बेंटिंकचा बंदीहुकूम डिसेंबर १८२९ चा.