सॉनास्नानोत्तर मद्यपान

सॉना किंवा बाष्पस्नानानंतर, शरीर तापलेले आणि घाम गळून गेलेला असताना केलेले मद्यपान. यामुळे रक्तदाब एकाएकी घसरण्याचा व हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. फिनलंडमध्ये सॉनानंतर थंड बिअर घेण्याची रीत मुरलेली आहे आणि या धोक्याचा बराचसा अभ्यासही तिथेच झाला आहे.

फिनिश सॉनातील हवा साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअस तापलेली असते. अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि बरेचसे रक्त तिकडे वळते. दाब टिकवण्यासाठी हृदय वेगाने धावते. नाडी मिनिटाला १०० च्या वर सहज जाते. एका बैठकीत सुमारे अर्धा लिटर घाम जातो, म्हणजे फिरवायचे रक्तही काहीसे घटते. बाहेर आल्यावर हा ताण लगेच ओसरत नाही. नेमक्या याच वेळी पोटात गेलेले मद्य रक्तवाहिन्या आणखी सैल करते. उभे राहताना पायांतील रक्तवाहिन्या आवळून दाब सावरण्याची जी प्रतिक्रिया असते, तीही मद्याने मंदावते. शिवाय मद्य लघवी वाढवते. त्यामुळे बिअरने तहान भागल्यासारखी वाटली, तरी घामाची भरपाई पाण्याइतकी होत नाही.

उदाहरणार्थ, रक्तदाबाची गोळी घेणारा पन्नाशीतला माणूस दोन-तीनदा सॉनात बसून बाहेर येतो आणि बाकावर बसून दोन बिअर पितो. बसलेला असेपर्यंत त्याला छानच वाटते. फसगत इथेच होते. तो झटकन उठतो तेव्हा रक्त पायांत उतरते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो ओल्या फरशीवर कोसळतो. गोळीचा परिणाम उष्णता व मद्य यांच्या परिणामात मिसळलेला असतो. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांत ही घसरण अधिक तीव्र होऊ शकते. दाब फार उतरला, तर अरुंद झालेल्या हृदयधमन्यांतून पुरेसे रक्त जात नाही.

लय बिघडण्याचे कारण थोडे वेगळे आहे. उष्णतेने नॉरअॅड्रेनलिन वाढते आणि मद्य हृदयाच्या विद्युत्‌वहनात ढवळाढवळ करते. छातीत धडधड होते, ठोके चुकतात. अशा अवस्थेत थंड तळ्यात उडी घेतली, तर रक्तवाहिन्या एकदम आवळून दाब उलट उसळतो.

बाष्पस्नानात हवा ४०–५० अंशांचीच असते, पण दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि शरीर निवत नाही. तेव्हा कमी तापमानावर विसंबणे चुकीचे. चक्कर, मळमळ किंवा अंधारी आल्यास आडवे होऊन पाय उंच ठेवावेत आणि पूर्ण शुद्धीवर असल्यास पाणी घ्यावे. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा न थांबणारी धडधड असल्यास रुग्णवाहिका बोलवावी. निरोगी माणसाने नाडी पूर्ववत होऊन, पाणी पिऊन, काही खाल्ल्यानंतर थोडी बिअर घेतली, तर धोका बराच कमी असतो. मद्य पिऊन सॉनात शिरणे मात्र अधिक घातक असते, कारण झिंगलेल्या माणसाला आतच झोप लागू शकते.