न पेटणारे कापड

कापड मागावरून उतरले म्हणजे पुरे झाले असे नाही. त्याने पाणी शोषू नये, त्याला चुण्या पडू नयेत, ते पेटू नये, म्हणून त्यावर नाना द्रव्ये चढवतात. गिरणीत याला फिनिश म्हणतात. आज न पेटणाऱ्या कापडाची हकीकत सांगतो. बाकीची दोन वाटेत भेटतील.

१८२१ साली फ्रान्सचा राजा अठरावा लुई याच्या सांगण्यावरून गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने नाटकगृहांतल्या कापडासाठी प्रयोग केले. नवसागर, टाकणखार, अमोनियम फॉस्फेट अशा क्षारांच्या पाण्यात कापड बुडवून वाळवायचे. सूत तापले की त्यातून वाफ निघते आणि भडकते ती ही वाफच. फॉस्फेट असले तर वाफ कमी निघते, कोळसा जास्त होतो. कापड काळे पडते, पण ज्योत धावत नाही. मात्र हे क्षार पाण्यात विरघळणारे. एक धुणे झाले की सगळे मोरीत! पाणी अडवायला कापडाला मेण देतात, त्याचीही तीच गत. मेण धाग्यावर बसते, आणि साबणाने, घासण्याने हळूहळू निघून जाते.

पडद्याला हे चालेल, मुलांच्या कपड्यांचे काय? इंग्लंडात गरिबाघरची मुले सुती फलालिनीचे कपडे घालीत. स्वस्त, उबदार, पण वर लव काढलेली. उघड्या शेगडीची ठिणगी पडली की आग लवेवरून सरसर धावे. कितीतरी पोरे भाजून मेली.

मँचेस्टरला प्राध्यापक असलेल्या धाकट्या पर्किन यांनी यावर उपाय शोधला व १९१२ साली तो जाहीररीत्या मांडला. कापड आधी सोडियम स्टॅनेटच्या द्रावणात भिजवून पिळायचे, तापल्या रुळांवर वाळवायचे, मग अमोनियम सल्फेटच्या द्रावणातून काढून पुन्हा वाळवायचे आणि शेवटी धुवायचे. त्यामुळे धाग्याच्या आतच कथलाचे न विरघळणारे संयुग तयार होई. धुतले तरी ते जात नसे. पण कापड महागले, आणि फलालीन घेणारे तर स्वस्ताईपायीच ती घेत. जो भाजण्याची शक्यता अधिक, त्यालाच ते परवडेना.

आत शिरण्याची हीच युक्ती मँचेस्टरच्याच टूटल कंपनीने चुण्यांसाठी वापरली. तिचे पेटंट १९२६ सालचे. युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांची राळ सुतात मुरवून तापवली की धागा दुमडला तरी पुन्हा सरळ होतो. पण तो ताठरतो, त्याची लवचिक ताकद घटते. असा सदरा कॉलरच्या घडीवर आधी फाटतो. त्यातून क्लोरीनचे ब्लीच लावून इस्त्री केली तर तो पिवळाही पडतो.

अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात मुलांच्या झोपेच्या कपड्यांना ट्रिस नावाचे ज्वालारोधक द्रव्य लावीत. ते कर्करोगकारक ठरले आणि १९७७ साली त्यावर बंदी आली. पुढे १९९६ साली तिथे नियम बदलला. अंगालगत घट्ट बसणारे झोपेचे कपडे साध्या, औषध न लावलेल्या सुताचेही चालतील, असे ठरले. घट्ट कपड्याचा घोळ लोंबत नाही आणि खाली हवा खेळत नाही, म्हणून तो सहसा पेट घेत नाही.