दुकानाचं वीजबिल दुप्पट आलंय? महावितरणला पत्र लिहिण्याआधी मीटर बघा

रत्नागिरीच्या राम आळीत आईस्क्रीम आणि कोल्ड्रिंकचं एक छोटं दुकान आहे, असं समजा. एप्रिलमध्ये दुकानाचा वापर ३७२ युनिट होता. मे महिन्याच्या बिलावर मात्र थेट ८४० युनिट लागलेत. दुकानदार कार्यालयात जाऊन विचारतो. उत्तर मिळतं, "उन्हाळा आहे, फ्रीज जास्त चालले असतील."

हे उत्तर खरंही असू शकतं. मे महिन्यात पर्यटक येतात आणि डीप फ्रीजर रात्रंदिवस चालतो. त्यामुळे "बिल फार जास्त आलंय, कमी करून द्या" एवढंच लिहिलेल्या अर्जाने काही होत नाही. चूक नेमकी कुठे झाली, ते आकड्यांत दाखवावं लागतं. ते कसं करायचं, हे याच दुकानाच्या उदाहरणावरून पाहू. उदाहरणातले आकडे समजून घेण्यापुरते आहेत, पद्धत मात्र कोणत्याही व्यावसायिक जोडणीला लागू पडते.

आधी बिलावरच्या तीन गोष्टी बघा

पहिली गोष्ट म्हणजे चालू रीडिंगचा रकाना. तिथे आकड्याऐवजी INACCS, LOCKED किंवा FAULTY असं काही छापलं असेल, तर त्या महिन्याचं रीडिंग मिळालेलंच नाही आणि बिल सरासरीवर काढलंय. अशा वेळी प्रत्यक्ष रीडिंग घेऊन बिल द्या, एवढीच मागणी करायची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे गुणक अवयव. लहान दुकानांसाठी तो सहसा १ असतो. इथे दुसरा आकडा दिसला आणि आधीच्या बिलांवर १ असेल, तर चूक तिथेच आहे, कारण वापरलेल्या युनिटला याच आकड्याने गुणलं जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे मागील आणि चालू रीडिंग. आपल्या दुकानाच्या बिलावर ४ मेचं रीडिंग १८१०६ आणि ४ जूनचं १८९४६ आहे. वजाबाकी केली की ८४० येतात. म्हणजे हिशेब बरोबर आहे. चूक असलीच तर १८९४६ या आकड्यात असणार.

आता मीटरसमोर जा

बिल हातात आलं १० जूनला. दुकानदाराने ११ जूनला सकाळी मीटर पाहिला. डिजिटल मीटरच्या पडद्यावर व्होल्टेज, कमाल मागणी, तारीख, युनिट असे बरेच आकडे एकामागोमाग फिरत असतात. आपल्याला हवा तो आकडा शेजारी kWh लिहिलेला. घाईत भलताच आकडा टिपला जातो, म्हणून एक-दोन फेऱ्या थांबून बघा.

मीटरवर आकडा होता १८५८७.

इथेच सगळं स्पष्ट होतं. युनिट मोजणारा हा आकडा मागे जात नाही, फक्त वाढतो. ४ जूनला तो खरंच १८९४६ असता, तर ११ जूनला त्याहून कमी दिसणं शक्यच नव्हतं. दुकानदाराने किती फ्रीज लावले, उन्हाळा किती होता, या वादाची आता गरजच उरत नाही.

मग ४ जूनचं खरं रीडिंग काय होतं? ४ मे ते ११ जून या ३८ दिवसांत १८१०६ वरून १८५८७ पर्यंत, म्हणजे ४८१ युनिट वापर झाला. दिवसाला साधारण १२.७ युनिट. त्या हिशेबाने ४ जूनपर्यंतच्या ३१ दिवसांत सुमारे ३९२ युनिट व्हायला हवेत. रीडिंग घेताना मीटरचा फोटो काढला जातो. तो बिलावर स्पष्ट दिसत असेल तर बघा. या उदाहरणात फोटोत १८४९६ दिसतंय. म्हणजे ४ आणि ९ यांची अदलाबदल झाली. खरा वापर ३९० युनिट, आणि दिवसाच्या सरासरीने काढलेला आकडाही जवळपास तोच.

तुलना करताना आणखी एक काळजी घ्या. मे महिन्याची तुलना जानेवारीशी करू नका, गेल्या वर्षीच्या मे महिन्याशी करा. या दुकानाचा गेल्या मेचा वापर ३८५ युनिट होता, हे पत्रात लिहिलं की "उन्हाळा आहे" या मुद्द्याचंही उत्तर मिळतं.

पुढच्या महिन्यात आपोआप जुळेल ना?

बऱ्याचदा असं सांगितलं जातं, आणि त्यात तथ्यही आहे. पुढचं रीडिंग बरोबर घेतलं गेलं, तर त्यातून १८९४६ वजा होतील आणि या वेळी जास्त लागलेले ४५० युनिट पुढच्या बिलांत कमी होतील. पण तोवर पैसे दुकानदाराचे अडकतात. बिल भरलं नाही तर थकबाकी दिसते आणि वीज तोडण्याची नोटीस येऊ शकते.

त्याहून मोठी अडचण पुराव्याची आहे. आज मीटर १८५८७ वर आहे. दिवसाला १२.७ युनिट धरले, तर साधारण २८ दिवसांत तो १८९४६ च्या पुढे जाईल. एकदा तो आकडा ओलांडला की मीटर दाखवून चूक सिद्ध करता येत नाही. म्हणून मीटरचा फोटो आणि अर्ज, दोन्ही त्याच आठवड्यात झाले पाहिजेत. फोटोत मीटर क्रमांक आणि kWh चा आकडा एकत्र दिसू द्या.

पत्र असं लिहा

पत्र तुमच्या बिलावर ज्या उपविभागाचं नाव असेल, तिथल्या अभियंत्यांच्या नावे द्या.

> प्रति,
> मा. उपविभागीय अभियंता,
> महावितरण, उपविभाग ........, रत्नागिरी
>
> विषय : चुकीच्या रीडिंगमुळे आलेले व्यावसायिक वीजबिल दुरुस्त करण्याबाबत
>
> संदर्भ : ग्राहक क्रमांक ........, मीटर क्रमांक ........, मे महिन्याचे देयक
>
> महोदय,
>
> वरील जोडणी माझ्या राम आळीतील दुकानाची असून वापर व्यावसायिक आहे. मे महिन्याच्या देयकात मागील रीडिंग १८१०६ (४ मे) व चालू रीडिंग १८९४६ (४ जून) दाखवून ८४० युनिटची आकारणी केली आहे.
>
> दि. ११ जून रोजी सकाळी १० वाजता मीटरवर १८५८७ kWh रीडिंग होते. हे रीडिंग देयकातील ४ जूनच्या रीडिंगपेक्षा ३५९ ने कमी आहे. त्यामुळे देयकातील चालू रीडिंग चुकीचे नोंदवले गेले आहे, हे स्पष्ट होते. देयकावरील फोटोत रीडिंग १८४९६ दिसते. त्यानुसार माझा वापर ३९० युनिट होतो. मागील वर्षी मे महिन्यात वापर ३८५ युनिट होता.
>
> तरी विनंती की,
> १. तातडीने स्थळ तपासणी करून मीटरचे रीडिंग माझ्या समक्ष नोंदवावे.
> २. चालू रीडिंग १८४९६ धरून ३९० युनिटचे सुधारित देयक द्यावे.
> ३. जादा ४५० युनिटवरील वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्क कमी करावे.
> ४. निर्णय होईपर्यंत वादातील रकमेसाठी विलंब आकार लावू नये व पुरवठा खंडित करू नये.
>
> सोबत : देयकाची प्रत, ११ जूनचा मीटरचा फोटो, मागील वर्षीच्या मे महिन्याचे देयक.
>
> आपला विश्वासू,
> (सही, दुकानाचे नाव, मोबाईल क्रमांक)

पत्राच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक व तारीख घ्या. १९१२ वर फोनने तक्रार नोंदवली असेल, तर तो तक्रार क्रमांकही पत्रात लिहा. बिल दुरुस्तीच्या प्रस्तावाला कार्यालयात 'बी-८०' म्हणतात. चौकशीला गेलात की "माझं बी-८० झालं का?" असं विचारा. काम नेमकं कुठे अडलंय, ते लगेच कळतं.

तोवर बिल भरायचं की नाही?

अजिबात न भरणं धोक्याचं आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. याच कलमात ग्राहकासाठी एक तरतूद आहे. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरी आकाराइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

आपल्या दुकानासाठी सगळे आकार धरून युनिटमागे १२ रुपये आणि स्थिर आकार ५०० रुपये धरू. आलेलं बिल १०,५८० रुपयांचं, तर ३९० युनिटचं बिल ५,१८० रुपयांचं. आधीच्या सहा महिन्यांची सरासरी २९२ युनिट आहे, म्हणजे ४,००४ रुपये. कायद्याच्या संरक्षणासाठी ४,००४ पुरेसे आहेत. पण दुकानदार स्वतःच ३९० युनिट वापरल्याचं लिहितोय, तेव्हा ५,१८० रुपये भरणं सोयीचं. नंतर फरकाची थकबाकी राहत नाही. पैसे भरताना "हरकत नोंदवून भरणा" असा अर्ज सोबत द्या. काउंटरवर पूर्ण रक्कम मागितली, तर अर्जात कलम ५६ चा उल्लेख करा.

मीटरच वेगाने पळत असेल तर?

बिलावरचं आणि मीटरवरचं रीडिंग जुळत असेल, तर वरचं पत्र उपयोगाचं नाही. सगळी उपकरणं बंद करूनही आकडा वाढतोय का, ते बघा. वाढत असेल तर आधी वायरमनकडून दुकानातली गळती तपासून घ्या. त्यानंतरही शंका राहिली तर मीटर चाचणीचा अर्ज करा. चाचणीचं शुल्क भरावं लागतं. मीटर सदोष निघाला, तर राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार बिलांची दुरुस्ती वाद उद्भवलेल्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत होते. म्हणून इथेही उशीर परवडत नाही.

दाद मिळाली नाही तर

कार्यालयाने ऐकलं नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं. कोकण परिमंडळाचा मंच रत्नागिरीत आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मंचाने ६० दिवसांत निर्णय देणं अपेक्षित आहे. तो मान्य नसेल, तर पुढच्या ६० दिवसांत मुंबईच्या विद्युत लोकपालांकडे जाता येतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. बिलासोबत कलम १२६ खाली अनधिकृत वापराचा ठपका असेल, तर हा मंच ते प्रकरण घेत नाही. अंतिम आदेशानंतर कलम १२७ खाली ३० दिवसांत वेगळं अपील करावं लागतं. म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी बिलासोबत आलेला प्रत्येक कागद वाचा.