दादीकडून आलेली खूण

आमच्याकडे मूल जन्मले की पहिला वाद ठरलेला असतो. नाक दादीवर गेले की नानीवर? मराठीत दोघीही ‘आजी’च, त्यामुळे हा वाद मराठीत तितका रंगत नाही. पण आज मी ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे, तिथे दादी आणि नानी हा फरक अगदी शब्दशः कामाला येतो. म्हणून घरातलेच शब्द वापरतो.

शाळेत आपण शिकलो ते साधे होते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक बापाकडून आणि एक आईकडून, आणि दोन्हींचा दर्जा सारखा. वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलच्या हिशेबात जांभळे फूल बापाकडून आले की आईकडून, याने काही बिघडत नव्हते. शास्त्रज्ञांनीही हे बराच काळ तसेच धरले.

1984 साली या समजुतीला मोठा धक्का बसला. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जेम्स मॅकग्राथ आणि दावोर सोल्टर, आणि इंग्लंडमध्ये केंब्रिजला अझीम सुरानी व त्यांचे सहकारी, हे दोन गट स्वतंत्रपणे उंदरांच्या बीजांडांवर काम करत होते. (सुरानींचा जन्म केनियातल्या किसुमूचा.) बीजांड फलित झाल्यावर काही तास त्यात दोन केंद्रके वेगवेगळी दिसतात, एक नराचे आणि एक मादीचे. अतिसूक्ष्म नळीने त्यांची अदलाबदल करता येते. दोन मादी-केंद्रके एकत्र ठेवली तर गर्भाची सुरुवात बरी व्हायची, पण वारेचा भाग खुरटायचा. दोन नर-केंद्रके ठेवली तर उलटे, वारेच्या पेशी फोफावायच्या आणि गर्भच नीट होत नसे. दोन्ही प्रकारांत एकही पिल्लू जन्माला आले नाही. गुणसूत्रांची संख्या तर पूर्ण होती. मग कमी काय पडले? उत्तर एकच उरत होते: काही जनुके कुणाकडून आली याची आठवण ठेवतात.

ही आठवण लिहिली कशाने जाते, हे पुढच्या दशकात उलगडले. डीएनएच्या धाग्यावर ठराविक जागी मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटतो. अक्षरे तीच राहतात, पण ही खूण असेल तर तिथले जनुक सहसा गप्प बसते. याला जीनोमिक इम्प्रिंटिंग म्हणतात. मी ‘ठसा’ म्हणेन.

माणसातली सर्वांत बोलकी हकीकत 15व्या गुणसूत्राची आहे. 1956 साली झुरिकच्या प्रॅडर, लाबहार्ट आणि विली या डॉक्टरांनी काही मुलांचे वर्णन केले. जन्मतः अंग अगदी सैल, दूध ओढायची ताकद नाही, आणि काही वर्षांनी अशी भूक की कितीही खाल्ले तरी पोट भरल्याची जाणीवच होत नाही. 1965 मध्ये इंग्लंडच्या हॅरी अँजेलमन यांनी वेगळीच तीन मुले नोंदवली. बोलणे जवळजवळ नाही, झटके येतात, चाल अडखळती, आणि चेहऱ्यावर सतत हसू. या दोन आजारांचा एकमेकांशी संबंध असेल असे कुणाच्या मनातही आले नसेल.

ऐंशीच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की दोन्ही आजारांत बऱ्याच मुलांच्या 15व्या गुणसूत्राचा तोच तुकडा गळालेला आहे. तुकडा बापाकडच्या गुणसूत्रावरून गळाला तर प्रॅडर-विली, आईकडच्यावरून गळाला तर अँजेलमन. 1989 मध्ये रॉबर्ट निकोल्स आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. काही प्रॅडर-विली मुलांत काहीच गळालेले नव्हते, पण 15व्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडच्याच होत्या. आईचा दुप्पट वाटा मिळूनही मूल आजारी, कारण त्या भागातली काही जनुके फक्त बापाच्या प्रतीवर जागी असतात. आईच्या प्रतीवर त्यांच्या दाराशी मिथाइलची खूण असते.

आता खरा पेच. समजा एक माणूस आहे, त्याला शकील म्हणू. त्याच्याकडे 15व्या गुणसूत्राच्या दोन प्रती आहेत. एक अब्बांकडून आली, बिनखुणेची. दुसरी अम्मीकडून आली, खूण असलेली. शकीलच्या मुलाला यातली कुठलीही एक मिळेल. अम्मीकडची प्रत खुणेसकट पुढे गेली तर त्या मुलाला बापाची जागी प्रत मिळणारच नाही. म्हणून दर पिढीत जुने ठसे पुसावे लागतात. हे काम शकील स्वतः आईच्या पोटात असतानाच होते. ज्या मोजक्या पेशींपासून पुढे त्याचे शुक्रजंतू बनणार, त्यांच्यातल्या खुणा उतरवल्या जातात. मग लिंगाप्रमाणे नव्या लिहिल्या जातात. मुलगा असेल तर या जागेची पाटी कोरी राहते. मुलगी असेल तर तिचे बीजांड वाढत असताना, म्हणजे तिच्या जन्मानंतर, खूण पुन्हा बसते. फलनानंतर लगेच गर्भातल्या बहुतेक मिथाइल खुणा पुन्हा एकदा धुतल्या जातात, पण हे ठसे तेवढे राखून ठेवले जातात. शरीराच्या बाकी पेशींत, रक्तात, मेंदूत, शकीलचे ठसे जन्मभर आईबापांचेच राहतात.

पुसणे चुकले तर? प्रॅडर-विलीच्या थोड्या मुलांत, शंभरात एक ते तीन, गुणसूत्र बापाचेच असते पण त्यावर ठसा बाईचा असतो. कारीन ब्यूटिंग यांच्या जर्मन गटाने अशा घरांतल्या तीन पिढ्यांचे डीएनए ताडून पाहिले. जिथे डीएनए शाबूत होता तिथे ते गुणसूत्र बापाला त्याच्या आईकडून आलेले निघाले. म्हणजे दादीची खूण बापाच्या पेशींत पुसलीच गेली नव्हती, आणि ती नातवापर्यंत पोचली. नानीचा यात काही संबंध नाही.

काही घरांत मात्र ठसा बदलण्यासाठी लागणारी डीएनएची छोटी जागाच गळालेली असते. हे 1995 मध्ये समोर आले. दादीकडून तो दोष शकीलला मिळाला तर तो ठणठणीत राहतो, कारण त्या प्रतीवर बाईचाच ठसा असायला हवा होता. बहिणीला मिळाला तर तीही ठणठणीत, आणि तिची मुलेही. फक्त शकीलच्या प्रत्येक मुलाला धोका असतो, दोनात एक. असा दोष बायकांच्या वंशातून पिढ्यानपिढ्या गुपचूप चालू शकतो आणि एका पुरुषापाशी येऊन उघड होतो.

यात घरच्यांसाठी कामाची बाब अशी आहे. बाळ फार सैल असेल, दूध ओढत नसेल, तर रक्ताच्या मिथाइलेशन चाचणीत दोन्ही प्रकारच्या प्रती, खुणेची आणि बिनखुणेची, दिसायला हव्यात. फक्त खुणेची दिसली तर प्रॅडर-विली, फक्त बिनखुणेची दिसली तर अँजेलमन. प्रॅडर-विलीची जवळजवळ सगळी मुले या एका चाचणीत सापडतात. अँजेलमनमध्ये काही निसटतात, कारण त्यांच्यात ठसा बरोबर असतो आणि बिघाड आईच्या जनुकातच असतो. पण ही चाचणी कारण सांगत नाही. तुकडा गळाला, दोन्ही प्रती आईच्या आल्या, की ठसाच चुकला, यासाठी पुढच्या तपासण्या लागतात, आणि त्या टाळू नयेत. पहिल्या दोन प्रकारांत पुढचे मूलही तसेच होण्याची शक्यता सहसा एक टक्क्याहून कमी असते. तिसऱ्यात ती जागा गळालेली असेल तर ती पन्नास टक्के.

आपल्याकडे अशा मुलाची बातमी आली की लोक लगेच विचारतात, नवरा-बायको चुलत-मावस भावंडे आहेत का? नात्यातल्या लग्नाने काही आजार वाढतात हे खरे आहे. ते दोन्हीकडून एकच बिघडलेली प्रत आल्याने होतात. इथे तसे नसते. तुकडा गळणे किंवा ठसा पुसायचा राहणे, हे परक्या घरांतल्या जोडप्यातही तितकेच घडते. आणि बाळाच्या आईने गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहणात बाहेर गेली का, हेही विचारण्यात अर्थ नाही. शकीलच्या घरात खूण राहून गेली तेव्हा त्याची बायको या घरात आलेलीही नव्हती. तो स्वतः तेव्हा दादीच्या पोटात होता.