नेमणूक, मानधन की मुक्त काम? बेळगावच्या कॅम्पमधील वार्ताहरपद कसे पारखावे

गोव्यातील मराठी वृत्तपत्रांना आणि वृत्तसंकेतस्थळांना बेळगावचा वार्ताहर सदैव लागतो. चोर्ला घाटातून उतरणारा भाजीपाला, म्हादईवरील कळसा-भांडुरा प्रकल्पाचा तंटा, १ नोव्हेंबरचा काळा दिन आणि सुवर्ण विधानसौधमधील हिवाळी अधिवेशन हे सारे विषय त्या शहरातच घडतात. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ सुरू केले तेही याच शहरात. त्यामुळे मराठीत सफाईने बातमी लिहिणारे आणि कानडीही समजणारे तरुण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आढळतात. कॅम्प परिसरात राहून गोव्यातील किंवा महाराष्ट्रातील संस्थेसाठी काम करण्याची संधी त्यांच्यापुढे येते, तेव्हा तिचे नाव एक आणि स्वरूप दुसरेच असते. तोंडी ‘स्टाफ’ म्हटले जाते, कागदावर ‘रिटेनर’ लिहिलेले असते आणि पैसे मात्र मुक्त पत्रकाराप्रमाणे मिळतात.

तीन व्यवस्था, तीन हिशेब

कायम किंवा मुदतीच्या नेमणुकीत संस्था वेतन देते, भविष्यनिर्वाह निधी भरते, रजा देते आणि कामाचा खर्च उचलते. त्याच्या बदल्यात कर्मचाऱ्याचा वेळ तिचा असतो. मुक्त कामात बातमीमागे, लेखामागे किंवा चित्रफितीमागे मोबदला ठरतो. लेखक काम नाकारू शकतो आणि तोच विषय वेगळ्या मांडणीत अन्यत्रही देऊ शकतो. रिटेनर ही मधली वाट आहे. ठरावीक कामासाठी किंवा ठरावीक तत्परतेसाठी दरमहा निश्चित मानधन मिळते आणि उरलेला वेळ लेखकाचा राहतो.

या तिन्ही व्यवस्था आपापल्या जागी रास्त आहेत. त्यांची सरमिसळ झाली की प्रश्न निर्माण होतो, कारण मग बंधने कर्मचाऱ्याची आणि हक्क मुक्त लेखकाचे अशी स्थिती होते. म्हणून प्रस्ताव आला की त्यावरील नाव बाजूला ठेवून चार प्रश्न विचारावेत. कामाची वेळ कोण ठरवणार? काम नाकारण्याची किंवा दुसरीकडे लिहिण्याची मुभा आहे का? खर्च कोणाचा? आणि संबंध संपवायचा झाल्यास दोन्ही बाजूंना सारखीच मुदत आहे का?

एका प्रस्तावाची चिकित्सा

कॅम्पमधील एका पदवीधर तरुणापुढे पुढील प्रस्ताव आला आहे असे समजू. दरमहा १८,००० रुपये ‘मानधन’, अकरा महिन्यांचा करार, रोज तीन बातम्या व एक चित्रफीत. अधिवेशनकाळात सकाळी नऊपासून हजेरी. दुचाकी, पेट्रोल व मोबाइल स्वतःचा. अन्यत्र लिहिण्यास मनाई. दिवाळी अंकासाठी एक लाखाच्या जाहिराती आणणे अपेक्षित. सोडायचे असल्यास तरुणाने तीस दिवस आधी कळवावे, संस्था मात्र करार केव्हाही संपवू शकेल.

प्रथम पैशांचा हिशेब पाहू. वर्षाची रक्कम २,१६,००० रुपये होते. ती व्यावसायिक शुल्क म्हणून दिल्यास साधारणतः दहा टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे हाती दरमहा १६,२०० रुपये येतात. एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरल्यावर कापलेले २१,६०० रुपये परत मिळतात. ही रक्कम बुडत नाही, परंतु तोवर ती हाताशी नसते. खरी घट खर्चात आहे. खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर आणि निपाणी सुमारे पाऊणशे किलोमीटरवर असल्यामुळे पेट्रोल, डेटा व दुरुस्ती यांसाठी महिन्याला ४,००० रुपये धरले, तर उरतात १४,०००.

हेच १८,००० रुपये नेमणुकीचे वेतन असते आणि त्यात मूळ वेतन १५,००० असते, तर भविष्यनिर्वाह निधीत संस्थेचा १२ टक्के वाटा, म्हणजे १,८०० रुपये, वेतनावर अधिक मिळाला असता. वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने उपदानाचे मासिक मूल्य सुमारे ७२० रुपये होते. प्रवासखर्चही संस्थेने दिला असता. एकूण मूल्य २०,५२० रुपयांच्या आसपास जाते. आजारपणातील रजा यात धरलेलीच नाही. थोडक्यात, या अटींवर रिटेनरचे मानधन २४,५०० रुपयांच्या आसपास असेल, तरच ते १८,००० रुपयांच्या नेमणुकीच्या तोडीचे ठरते.

आता या प्रस्तावातील एकच अट बदलून पाहावी. ‘अन्यत्र लिहिण्यास मनाई’ हे वाक्य काढून ‘गोव्यातील स्पर्धक दैनिकासाठी लिहू नये’ एवढेच ठेवले आणि त्या तरुणाने कोल्हापूर व पुण्याकडील दोन प्रकाशनांकडून मिळून दरमहा ८,००० रुपये मिळवले, तर खर्च वजा जाता २२,००० रुपये उरतात. रक्कम तीच, परंतु व्यवस्था आता नेमणुकीपेक्षा सरस ठरते. म्हणून मानधनाच्या आकड्यावर घासाघीस करण्यापूर्वी मनाईच्या अटीवर बोलणे अधिक फलदायी असते.

जाहिरातींची अपेक्षा हा स्वतंत्र विषय आहे. ज्या साखर कारखान्याकडून किंवा नगरसेवकाकडून जाहिरात आणायची, त्याच्याविषयी बातमी लिहिणे वार्ताहराला जड जाते. जाहिरातीचे काम स्वीकारायचेच असेल, तर त्याचे कमिशन, वसुलीची जबाबदारी आणि लक्ष्य न गाठल्यास मानधनावर होणारा परिणाम लेखी असावा. बुडालेले बिल वार्ताहराच्या मानधनातून वळते करण्याची अट असेल, तर ती पत्रकाराची नेमणूक उरत नाही.

कायदा नावापलीकडे पाहतो

श्रमिक पत्रकारांविषयीच्या १९५५ च्या कायद्याने, नंतरच्या दुरुस्तीसह, पूर्णवेळ व अर्धवेळ असा भेद न करता ज्याचा प्रमुख व्यवसाय पत्रकारिता आहे अशा नियुक्त व्यक्तीला संरक्षण दिले. चार आठवड्यांत १४४ तासांची कामाची मर्यादाही त्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या असून, श्रमिक पत्रकाराच्या नव्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक व डिजिटल माध्यमांचाही समावेश आहे. कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे.

अकरा महिन्यांच्या करारामुळे सर्व हक्क संपतात हा समज चुकीचा आहे. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशींसंबंधी १९ जून २०१७ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटी वृत्तपत्र कर्मचाऱ्यांनाही त्यांचा लाभ लागू असल्याचे म्हटले. नगामागे पैसे मिळतात म्हणून माणूस कर्मचारी नाही, हेही खरे नाही. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस प्रकरणात नगावर काम करणाऱ्या शिंप्यांना सर्वोच्च न्यायालयाने दुकानाचे कर्मचारी मानले. यंत्रे दुकानाची होती, आणि काम नाकारण्याचा व पुन्हा करून घेण्याचा अधिकारही दुकानाकडे होता, हे तेथे महत्त्वाचे ठरले.

या संरक्षणाला मर्यादाही आहे. तालुक्याचे अनेक वार्ताहर मुळात शिक्षक, वकील किंवा दुकानदार असतात. पत्रकारिता हा त्यांचा प्रमुख व्यवसाय नसल्यामुळे श्रमिक पत्रकार म्हणून दावा करणे त्यांना कठीण जाते. त्यांच्यासाठी स्पष्ट दरपत्रक असलेले मुक्त कामच अधिक सोयीचे. ज्याला स्वतःची यंत्रसामग्री वापरून, आपल्या वेळेने, अनेकांसाठी काम करायचे आहे, त्यालाही हेच लागू पडते.

सीमाभागातील दोन विशेष अटी

पहिली अट न्यायक्षेत्राची. ‘सर्व वाद पणजीच्या न्यायालयात’ असे कलम असेल, तर बेळगावच्या माणसाला थकलेल्या तीन महिन्यांच्या मानधनासाठी घाट उतरावा लागतो. आपली नोंद संस्थेच्या कोणत्या कार्यालयाच्या हजेरीपटावर आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

दुसरी अट हमीची. बातमीमुळे नोटीस आली किंवा गुन्हा नोंदला गेला, तर सर्व नुकसानभरपाई लेखकाने द्यावी असे कलम काही करारांत असते. भाषिक तणावाच्या शहरात ही जोखीम कागदापुरती राहत नाही. बातमी संपादित करून, मथळा देऊन प्रसिद्ध करण्याचा निर्णय संस्थेचा असतो. त्यामुळे कायदेशीर बचावाचा खर्च संस्थेने उचलावा, असा आग्रह धरणे योग्य होय.

लेखनाच्या स्वामित्वाकडेही पाहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, वृत्तपत्रातील नोकरीत केलेल्या लेखनाचा वृत्तपत्रीय प्रकाशनापुरताच हक्क मालकाचा असतो. मुक्त लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतः असतो. मात्र मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र व चित्रपट काम सांगणाऱ्याच्या मालकीचे ठरतात. म्हणून लेख आणि चित्रफिती एकाच मानधनात देताना त्यांच्या पुनर्वापराची अट वेगवेगळी लिहावी.

रुजू होण्यापूर्वी आणि नंतर

छापील करारनामा मिळत नसेल, तर तोंडी बोलणे झाल्यावर त्याच दिवशी संपादकांना एक ईमेल पाठवावा. मानधन व ते मिळण्याची तारीख, कामाचे प्रमाण, खर्चाची भरपाई, अन्यत्र लिहिण्याची मुभा आणि संबंध संपवण्याची मुदत या पाच गोष्टी त्यात मांडून, ‘यात काही चूक असल्यास कळवावे’ अशी विनंती करावी. उत्तरात होकार आला, तर तो उपयुक्त पुरावा ठरतो. उत्तर टाळले गेले, तर त्यातूनही पुरेसा बोध होतो.

रुजू झाल्यावर पहिल्या तिमाहीनंतर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावाची नोंद पाहावी. रक्कम वेतनाच्या शीर्षाखाली आहे की व्यावसायिक शुल्काच्या, हे तेथे दिसते. ‘स्टाफ’ म्हणून घेतलेल्याचा भविष्यनिर्वाह निधीचा बारा अंकी क्रमांक तयार झाला आहे का आणि पासबुकात दरमहा भरणा होतो का, तेही तपासावे. ड्युटी लावणारे व्हॉट्सअॅप संदेश, हजेरी, ओळखपत्र आणि रजेचे अर्ज जपून ठेवावेत. कराराला नाव कोणतेही असो, प्रत्यक्षात वेळेवर आणि कामावर ताबा कोणाचा होता, हे पुढे याच कागदांवरून ठरते.